मिरजेतला ताशी दोन किलोमीटरचा वारा

एप्रिलमधली दुपार होती. मिरजेत सलाईनची नळी कुणाच्याही घरी सापडते, तशी ती आमच्याही घरी होती. तिचे दोन तुकडे केले. एकाचं उघडं तोंड मोटरसायकलच्या पुढे काठीला बांधलं, अगदी वाऱ्याच्या समोर. दुसऱ्याचं टोक बंद करून त्याच्या कडेला बारीक भोकं पाडली आणि तेही तिथेच बांधलं. दोघांची मागची टोकं एका इंग्रजी U च्या आकाराच्या पारदर्शक नळीला जोडली आणि तिच्यात शाई घातलेलं पाणी भरलं. मामा गाडी चालवत होता, मी मागे पट्टी धरून बसलो होतो. वारा पडलेला होता. काटा साठावर स्थिर झाला तेव्हा पाणी हिंदकळत होतं, पण दोन बाजूंच्या पातळीत साधारण पंधरा मिलिमीटरचा फरक दिसत होता.

घरी येऊन गणित केलं. उत्तर आलं ताशी दोन किलोमीटर.

मामा म्हणाला, "अरे, मग उतरून चालत आला असतास की!"

सूत्र बरोबर होतं:

v = √(2Δp/ρ)

समोरून येणारा वारा उघड्या तोंडाशी अडतो, थांबतो आणि थांबताना दाब वाढवतो. कडेच्या भोकांना फक्त हवेचा नेहमीचा दाब कळतो. या दोन्हींतला फरक म्हणजे Δp. माझा घोटाळा झाला ρ मध्ये, म्हणजे घनतेत.

ही युक्ती मुळात हवेसाठी नव्हतीच. 1732 साली आंरी पितो या फ्रेंच अभियंत्याने पॅरिसमध्ये सीन नदीत एक सरळ आणि एक काटकोनात वाकवलेली अशा दोन काचेच्या नळ्या बुडवल्या. वाकड्या नळीचं तोंड प्रवाहाकडे होतं. तिच्यात पाणी सरळ नळीपेक्षा वर चढलं, आणि किती चढलं यावरून वेग कळला. नदी जितकी खोल तितकी वेगवान, असं तेव्हा बरेच जाणकार मानत. पितोला उलट दिसलं, खोलीबरोबर वेग कमी होत होता. एका साध्या नळीने प्रतिष्ठित सिद्धांत खोटा पाडला.

पितोला घनतेची चिंता करावी लागली नाही. वाहणारंही पाणी आणि नळीत चढणारंही पाणीच, त्यामुळे घनता दोन्हीकडून कटून जाते. आपल्या कृष्णेत सेकंदाला एक मीटरचा प्रवाह असेल, तर नळीत पाणी सुमारे पाच सेंटीमीटर चढेल. बस्स, एवढंच.

माझ्या नळीत मात्र दोन वेगळे पदार्थ होते. दाब मोजत होतं पाणी, आणि धावत होती हवा. पंधरा मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे 147 पास्कल दाब. हे काढताना पाण्याची घनता, 1000, घ्यायचीच. पण पुढे वेग काढताना सूत्रात हवेची घनता हवी. मी तिथेही 1000 टाकले होते.

मग पुस्तकातली हवेची घनता घेतली, घनमीटरला 1.225 किलो. उत्तर आलं ताशी 56. जवळ आलो, पण साठ नाही. कारण तो आकडा समुद्रसपाटीवरच्या पंधरा अंश सेल्सिअस हवेचा. मिरज साडेपाचशे मीटर उंचावर, आणि त्या दुपारी तापमान अडतीस. उंचीने हवा विरळ होते, उन्हाने आणखी. आपल्याकडची घनता साधारण 1.06 निघाली. ती टाकली आणि उत्तर आलं साठ. मोटरसायकलचा काटाही काही देवाचा शब्द नव्हे, त्यामुळे एवढं तंतोतंत जुळण्यात थोडं नशीबही होतं.

विमानाच्या वेगमापकात हीच पिटो ट्यूब असते, आणि त्याची तबकडी 1.225 धरूनच आखलेली असते. कोल्हापूरचा विमानतळ मिरजेहून थोडा उंचच आहे. तिथे अशाच दुपारी काटा जो वेग दाखवेल, त्याहून खरा वेग जवळपास आठ टक्के जास्त असेल.

मग पायलट फसतो का? हवेत उचलले जाण्यापुरतं बोलायचं तर नाही. पंखालाही वेग कळत नाही, त्याला वाऱ्याचा दाबच उचलतो. हवा विरळ असेल तर पंखाला जास्त धावावं लागतं, आणि नळीलाही तोच दाब मिळवायला तितकंच जास्त धावावं लागतं. म्हणून उड्डाणाचा आकडा काट्यावर तोच राहतो.

फसवते ती धावपट्टी. जमिनीवर तो आठ टक्के जादा वेग खरोखर गाठावा लागतो. इंजिनाचा जोर तेवढाच धरला तरी त्यासाठी पंधरा-सोळा टक्के जास्त अंतर लागतं. आणि विरळ हवेत इंजिनाचा जोरही घटतो. काटा यातलं काहीच सांगत नाही. ते निघण्याआधी, तापमान आणि उंची पाहून, कागदावर काढावं लागतं.

मामाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे काटा खोटं बोलत नाही, पण त्याला विचारायचं काय ते कळायला पाहिजे."

ती नळी अजून माळ्यावर आहे. शाई वाळून तिच्या तळाशी एक निळी रेघ उरली आहे.