मागे लख्ख आकाश, समोर काळा चेहरा: असा फोटो कसा सावरायचा?

रायगडावर गेलेल्या जवळपास प्रत्येक कुटुंबाच्या फोनमध्ये असा एक फोटो सापडतो. नगारखान्याची कमान स्पष्ट दिसते, मागचं आकाश पांढरं लख्ख असतं, आणि कमानीत उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा मात्र ओळखूही येत नाही. महाडहून सकाळी लवकर गड गाठणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो, कारण नगारखाना राजसभेच्या पूर्वेला आहे. राजसभेत उभं राहून त्याच्या दिशेने फोटो काढला, की सकाळचा सूर्य थेट कॅमेऱ्यासमोर येतो. पोलादपूरच्या घाटात पावसाळी धुक्यासमोर काढलेल्या फोटोंचंही तेच होतं. पांढरं धुकं माणसाच्या चेहऱ्यापेक्षा कितीतरी उजळ असतं.

असे बरेच फोटो सावरता येतात. पण त्याआधी चेहऱ्याची माहिती फोटोत उरली आहे का, हे तपासावं लागतं.

चेहरा काळा का येतो?

समोर काय आहे आणि त्यात महत्त्वाचं काय, हे माणसाला कळतं. कॅमेरा मात्र एकूण उजेड मोजतो. फ्रेमचा मोठा भाग लख्ख असेल, तर उजेड जास्त झाला असं धरून तो एक्स्पोजर कमी करतो, म्हणजे सेन्सरवर कमी उजेड नोंदवतो. त्यात आकाश नीट येतं आणि सावलीतला चेहरा आणखी काळोखात जातो. नव्या फोनमधलं एचडीआर वेगवेगळ्या उजेडातली छायाचित्रं एकत्र करून हा फरक कमी करतं, पण सूर्य अगदी समोर असेल तर तेही अपुरं पडतं.

आधी मूळ फोटो मिळवा

व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवर काम सुरू करणं ही सगळ्यात मोठी चूक. पाठवताना फोटो लहान होतो आणि दाबलाही जातो. ही दाबणी ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनांमध्ये होते आणि डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारीक फरक त्यात टाकून दिले जातात. काळ्या चेहऱ्यावर नाकाची कड, डोळ्यांची खोबण किंवा सुरकुत्या यांच्यात उरलेला फरक नेमका इतकाच बारीक असतो. असा फोटो उजळला, की चेहऱ्यावर चौकोनी ठिगळं दिसू लागतात.

म्हणून ज्याच्या फोनवर फोटो काढला, त्याला तो Document म्हणून पाठवायला सांगा. तसं केलं की मूळ फाइल जशीच्या तशी येते.

फोटो वाचेल की नाही, हे कसं ओळखायचं?

गूगलच्या Snapseed या मोफत ॲपमध्ये फोटो उघडा. Tune Image मध्ये Shadows ही पट्टी काही क्षणांसाठी पूर्ण +१०० पर्यंत न्या. फोटो कुरूप दिसेल, पण ही फक्त परीक्षा आहे. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग, नाकाची कड, ओठांची रेघ दिसू लागली तर चेहरा वाचवता येईल. चेहऱ्याच्या जागी नुसता सपाट करडा डाग आला, तर तिथे काही नोंदलंच गेलेलं नाही, आणि कोणतीही पट्टी ते आणू शकणार नाही. परीक्षा झाली की पट्टी पुन्हा शून्यावर आणा.

एक उदाहरण, पायरीपायरीने

समजा, पोलादपूरच्या एका कुटुंबाने आजींना रोपवेने गडावर नेलं आणि नगारखान्याच्या कमानीत त्यांचा एकच फोटो काढला. डोक्यावर पदर असल्याने चेहऱ्यावर आणखी सावली आहे. पुन्हा गडावर जाणं त्यांना जमेलच असं नाही, त्यामुळे हाच फोटो सावरायचा आहे. परीक्षेत डोळे आणि सुरकुत्या दिसल्या. आता पुढे असं करता येईल.

१. Tune Image मध्ये Highlights सुमारे -२० करा, म्हणजे आकाशाचा लखलखाट थोडा उतरेल. मग Shadows +४० च्या आसपास न्या. इथेच थांबा. सगळं काम याच पट्टीवर केलं, तर कमानीचा दगडही उजळतो आणि फोटो धुरकट दिसतो.

२. आता फक्त चेहरा उजळायचा. त्यासाठी Selective निवडून आजींच्या गालावर बोट टेकवा. तिथे एक ठिपका येतो. दोन बोटं जवळ-दूर करून त्याचं वर्तुळ चेहऱ्यापुरतं लहान करा. कुठपर्यंत परिणाम होणार, तो भाग तेव्हा लाल दिसतो. हे साधन ठिपक्याखालच्या रंगाशी जुळणारा भागच मुख्यतः बदलतं, म्हणून पदर आणि मागचं आकाश बरंचसं तसंच राहतं. Brightness +३० पर्यंत हळूहळू वाढवा.

३. उजळलेला चेहरा फिकट वाटला, तर त्याच ठिपक्यावर Contrast +१० करा. सावलीतल्या चेहऱ्यावर आकाशाचा निळसर उजेड पडलेला असतो. त्वचा राखाडी वाटली, तर Tune Image मधलं Warmth थोडं वाढवा.

४. गळा आणि हात पाहा. चेहरा उजळ आणि हात काळे राहिले, तर चेहरा चिकटवल्यासारखा दिसतो. हातावर दुसरा ठिपका ठेवून थोडा उजेड द्या.

हे आकडे फक्त सुरुवातीसाठी आहेत. प्रत्येक फोटोत ते बदलतील.

कुठे थांबायचं?

चेहरा मागच्या आकाशापेक्षा थोडा काळसर राहिलाच पाहिजे. सूर्य पाठीमागे असताना तो तसाच दिसतो. केसांभोवती किंवा पदराच्या कडेला पांढरट कडं दिसू लागलं, की उजेड जास्त झाला. इथे काम नाकडोळे दिसण्याचं आहे, माणूस गोरा करण्याचं नाही. त्वचेचा रंग ठरवायला त्याच दिवशीचा, मोकळ्या उजेडातला दुसरा फोटो शेजारी ठेवून पाहा.

उजळलेल्या भागात लाल-हिरवे रवे दिसतील. कमी उजेडात सेन्सरने नोंदवलेला गोंधळ उजळताना माहितीबरोबर वर येतो. Selective मध्ये Structure -१५ केलं, की ते थोडे मऊ होतात. तरीही रंगांचे डाग राहिले, तर फोटो कृष्णधवल करा. रंगांचे डाग जातात आणि उरलेले रवे जुन्या फिल्मसारखे वाटतात.

चेहरा परीक्षेतच नापास झाला असेल, तर उलट्या दिशेने जा. Shadows उणे करून माणूस पूर्ण काळा करा आणि कमानीची चौकट नीट कापा. चेहरा दिसणार नाही, पण उभं राहण्याची ढब ओळखीची असेल, तर छायाकृतीतूनही माणूस कळतो.

पुढच्या वेळी

फोटो काढताना स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट टेकवा. फोन तिथला उजेड मोजतो. आकाश पांढरं झालं तरी चालेल, चेहरा येतो. शक्य असेल तर त्याच कमानीतला फोटो दुपारनंतर काढा. तेव्हा सूर्य पश्चिमेकडे, म्हणजे फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी असतो आणि उजेड समोरून चेहऱ्यावर पडतो.