दानीएल संदेष्ट्यांमध्ये का नाही? ज्यूंच्या धर्मग्रंथाची तीन दालने

१/ प्रथम वर्षाच्या प्रश्नमंजूषेत हमखास चुकणारा एक प्रश्न : ‘ज्यू परंपरेत दानीएलचा ग्रंथ कोणत्या विभागात येतो?’ बहुतेकांचे उत्तर असते, ‘संदेष्टे’. बरोबर उत्तर आहे, ‘लेख’. या एका ग्रंथाच्या जागेवरून संपूर्ण रचनेचा इतिहास उलगडता येतो.

२/ प्रथम रचना पाहू. तोरा म्हणजे नियमशास्त्र, नेव्हीईम म्हणजे संदेष्टे, केतुवीम म्हणजे लेख. या तीन नावांच्या आद्याक्षरांवरून ‘तनाख’ हा शब्द बनला. तोरामध्ये ५, नेव्हीईममध्ये ८ आणि केतुवीममध्ये ११ असे एकूण २४ ग्रंथ आहेत.

३/ मराठी बायबलच्या जुन्या करारात मात्र ३९ पुस्तके दिसतात. मजकूर तोच आहे, मोजणी निराळी. शमुवेल, राजे आणि इतिहास यांचे प्रत्येकी दोन भाग धरले, एज्रा व नहेम्या वेगळे केले आणि एकाच ग्रंथात मोजलेले बारा लघुसंदेष्टे सुटे केले, की १५ पुस्तके वाढतात.

४/ मोजणीबरोबर क्रमही बदलतो. मराठी बायबलमध्ये दानीएल हा यहेज्केलच्या लगेच नंतर, म्हणजे संदेष्ट्यांच्या पंक्तीत बसतो. हा क्रम ख्रिस्ती परंपरेतून आला असून त्याचे मूळ प्राचीन ग्रीक भाषांतराच्या परंपरेत आहे. हिब्रू क्रमात तोच ग्रंथ अगदी शेवटी, एस्तेर आणि एज्रा-नहेम्या यांच्यामध्ये येतो.

५/ हे विभाग केवळ विषयानुसार पडले असते, तर दानीएलची ही जागा अनाकलनीय ठरली असती. पण विभागणी निव्वळ विषयानुसार नाहीच. यहोशवा, शास्ते, शमुवेल आणि राजे हे इतिहासकथन करणारे ग्रंथ ‘पूर्वीचे संदेष्टे’ म्हणून नेव्हीईममध्ये आहेत. जवळपास तोच इतिहास पुन्हा सांगणारा ‘इतिहास’ हा ग्रंथ मात्र केतुवीममध्ये आहे.

६/ म्हणून अनेक अभ्यासक या विभागांकडे कालक्रमाने भरत गेलेल्या दालनांप्रमाणे पाहतात. आधी तोरा स्थिर झाली, नंतर संदेष्ट्यांचा संग्रह. तिसरे दालन दीर्घकाळ उघडे राहिले. इ.स.पू. १८०च्या सुमारास यरुशलेममध्ये बेन सिरा या विद्वानाने पूर्वजांची स्तुती लिहिली. तीत यशया, यिर्मया, यहेज्केल आणि बारा संदेष्टे यांचा उल्लेख आहे. दानीएलचा नाही.

७/ त्याच्या नातवाने सुमारे अर्धशतकानंतर त्या ग्रंथाचे ग्रीक भाषांतर केले. प्रस्तावनेत तो नियमशास्त्र, संदेष्टे आणि ‘इतर ग्रंथ’ असे तीन गट सांगतो. पहिल्या दोन गटांना नाव आहे, तिसऱ्याला अद्याप निश्चित नाव नाही.

८/ आता दानीएलचा मजकूर. कथा घडते इ.स.पू. सहाव्या शतकातील बाबेलमध्ये. पण अकराव्या अध्यायातील दृष्टान्त ग्रीक राजवटींचे संघर्ष बारकाईने सांगत चौथ्या अँटायोकसपर्यंत येतो. या सेल्यूकसवंशीय राजाने इ.स.पू. १६७ मध्ये यरुशलेमचे मंदिर भ्रष्ट केले. इथवरचा तपशील इतिहासाशी जुळतो.

९/ त्यानंतर जुळणी तुटते. ग्रंथानुसार या राजाचा अंत समुद्र आणि पवित्र पर्वत यांच्या दरम्यान छावणी दिल्यावर होणार होता. प्रत्यक्षात तो इ.स.पू. १६४ मध्ये दूर पूर्वेकडे, पर्शियाच्या मोहिमेत मेला. यावरून बहुसंख्य अभ्यासक या ग्रंथाचे अंतिम स्वरूप इ.स.पू. १६५च्या आसपासचे मानतात. तोवर संदेष्ट्यांचे दालन बहुधा बंद झाले होते. उघडे होते ते तिसरेच.

१०/ परंपरेच्या दृष्टीनेही दानीएल वेगळा आहे. यशया किंवा यिर्मया लोकांसमोर उभे राहून देवाचा संदेश सुनावतात. दानीएलला दृष्टान्त दिसतात, देवदूत त्यांचा अर्थ सांगतो, आणि ग्रंथ शिक्का मारून ठेवण्याची आज्ञा होते. तालमुदमध्येही तो संदेष्टा नव्हता असे मत नोंदलेले आहे.

११/ तरीही या स्पष्टीकरणाला मर्यादा आहे. मृत समुद्राजवळ सापडलेल्या एका गुंडाळीत त्याला ‘संदेष्टा दानीएल’ म्हटले आहे. पहिल्या शतकातील ज्यू इतिहासकार जोसेफसही त्याला संदेष्टाच मानतो. तिन्ही दालनांच्या भिंती सर्वत्र एकाच वेळी पक्क्या झाल्या नव्हत्या, हे यातून दिसते.

१२/ त्यामुळे प्रश्नमंजूषेत ‘दानीएल’ दिसला, की आधी एवढेच पाहावे : प्रश्न तनाखविषयी आहे की ख्रिस्ती जुन्या कराराविषयी? पहिल्याचे उत्तर ‘लेख’, दुसऱ्याचे ‘संदेष्टे’.