मजकुराचे माध्यमानुरूप रूपांतर

मजकुराचे माध्यमानुरूप रूपांतर म्हणजे एकच माहिती वेगवेगळ्या समाजमाध्यमांवर प्रसिद्ध करताना तिची भाषा, लांबी आणि मांडणी त्या त्या माध्यमाच्या वाचकांनुसार बदलणे. लिंक्डइनसारख्या व्यावसायिक माध्यमावर साधारणपणे औपचारिक आणि विस्तृत मजकूर दिला जातो, तर एक्स किंवा व्हॉट्सॲपवर तोच निरोप थोडक्यात आणि खेळकरपणे मांडला जातो. रूपांतरात शैली बदलते. तारीख, स्थळ, शुल्क, अटी ही तथ्ये मात्र सर्व आवृत्त्यांत सारखीच राहावी लागतात. बहुतेक चुका मजकूर लहान करताना यांपैकी एखादे तथ्य गळल्यामुळे होतात.

## स्थिर तथ्ये

रूपांतराची सुरुवात एका आवृत्तीतून दुसरी कापून काढण्याने केली, तर कापताना काय गेले ते लक्षात येत नाही. म्हणून आधी तथ्यांची यादी करून प्रत्येक आवृत्ती त्या यादीवरून स्वतंत्रपणे लिहिली जाते. यादीत सहसा पाच बाबी असतात: काय आहे, कोणासाठी आहे, केव्हा, कोठे आणि कोणत्या अटीवर.

पुढील उदाहरण कल्पित आहे. अहिल्यानगर शहराला लागून पुणे रस्त्यावर असलेल्या केडगाव येथे शेतकऱ्यांचा एक गट कांदा साठवणुकीचे प्रशिक्षण ठेवतो. जवळच नेप्ती येथे कांद्याचा मोठा उपबाजार असल्याने हा विषय परिसरातील शेतकऱ्यांच्या जिव्हाळ्याचा आहे. गटाची यादी अशी: उन्हाळी कांद्यासाठी कांदाचाळ बांधण्याचे प्रशिक्षण; कांदा उत्पादकांसाठी; रविवार, ८ मार्च २०२६, सकाळी १० वाजता; केडगाव; जागा ४०, शुल्क १०० रुपये, नावनोंदणी आवश्यक.

## औपचारिक आवृत्ती

लिंक्डइनवरील वाचकांत कृषी पदवीधर, बँक अधिकारी आणि प्रक्रिया उद्योगातील लोक असू शकतात. त्यांना उपक्रमाचा हेतू आणि आयोजकांची भूमिका जाणून घ्यायची असते. या माध्यमावर एका पोस्टमध्ये ३,००० वर्णांची मर्यादा असली, तरी सुरुवातीच्या काही ओळींनंतरचा मजकूर दडलेला असतो आणि तो वाचकाला उघडावा लागतो. त्यामुळे मुख्य माहिती पहिल्या दोन वाक्यांतच येणे आवश्यक ठरते.

> केडगाव (जि. अहिल्यानगर) येथे रविवार, ८ मार्च २०२६ रोजी सकाळी १० वाजता कांदा उत्पादकांसाठी कांदाचाळ बांधणीचे एकदिवसीय प्रशिक्षण आयोजित करण्यात आले आहे. उन्हाळी कांदा पावसाळ्यापर्यंत साठवताना होणारी सड कमी करणे हा त्याचा हेतू आहे. चाळीची दिशा, तळातून खेळती हवा आणि कांद्याच्या थराची उंची या बाबी प्रत्यक्ष चाळीत दाखवल्या जातील. प्रवेश ४० जणांपुरता मर्यादित असून शुल्क १०० रुपये आहे. नावनोंदणी आवश्यक आहे. या विषयातील आपले अनुभव जरूर कळवावेत.

## खेळकर आवृत्ती

> कांद्यानं रडवावं ते कापताना, चाळीत सडून नव्हे! कांदाचाळ कशी बांधावी, ते चाळीत उभं राहूनच शिकू. रविवार, ८ मार्च २०२६, सकाळी १० वाजता, केडगाव (अहिल्यानगर). जागा ४०, शुल्क १०० रुपये. नाव आधी नोंदवा.

येथे हेतू सांगणारे वाक्य गेले असले, तरी त्याचे काम पहिल्या ओळीतील विनोद करतो. विनोद विषयातूनच आल्यामुळे तो माहितीची जागा अडवत नाही. ‘कांदा उत्पादकांसाठी’ हे शब्दही गळले आहेत. मात्र चाळ बांधायला शिकणारा कोण, हे उघड असल्याने अर्थ ढळत नाही. याउलट ‘नाव आधी नोंदवा’ हे वाक्य गाळले, तर नोंदणीशिवाय आलेल्या शेतकऱ्याला दारातून परत जावे लागेल.

मराठीत दोन आवृत्त्यांमधील अंतर शब्दांपेक्षाही रूपांमधून अधिक जाणवते. औपचारिक मजकुरात ‘कांद्याने’, ‘करण्यात आले आहे’ अशी लेखी रूपे येतात; खेळकर मजकुरात ‘कांद्यानं’, ‘उभं’ अशी उच्चारानुसारी रूपे आणि थेट आज्ञार्थ येतो. एकाच आवृत्तीत ‘आपण कळवावे’ आणि ‘चला, या’ अशी सरमिसळ झाली, की मजकूर घाईत जोडल्यासारखा वाटतो.

## वर्णमर्यादा आणि देवनागरी

एक्सवर सर्वसाधारण खात्यासाठी २८० वर्णांची मर्यादा आहे. देवनागरीत डोळ्यांना दिसणारे अक्षर आणि मोजला जाणारा वर्ण एक नसतात. काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त हे प्रत्येकी स्वतंत्र मोजले जातात. ‘श्री’ हे एकच अक्षर दिसते. पण श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी मिळून त्याचे चार वर्ण होतात. ‘कांदा’ या दोन अक्षरांच्या शब्दाचे पाच वर्ण होतात. दुव्याची लांबी कितीही असली तरी तो २३ वर्णांचा धरला जातो.

वरील खेळकर मजकूर या मोजणीने १९५ वर्णांचा भरतो. एक मोकळी जागा आणि नोंदणीचा दुवा जोडल्यावर तो २१९ होतो, म्हणजे मर्यादेत बसतो. मजकूर मर्यादेबाहेर जात असल्यास आधी विशेषणे आणि विनोद कमी केले जातात. तारीख किंवा अट नव्हे.

## स्थळनाम आणि तारीख

केडगाव नावाचे दुसरे गाव पुणे जिल्ह्यातील दौंड तालुक्यात आहे. पुणे–दौंड लोहमार्गावर त्या नावाचे रेल्वे स्थानक असून पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमुळेही ते गाव परिचित आहे. नुसते ‘केडगाव’ लिहिलेला मजकूर दोन्ही परिसरांतील लोकांपर्यंत पोहोचतो. केवळ `#केडगाव` या हॅशटॅगवर विसंबल्यास दोन्ही गावांच्या पोस्ट एकत्र दिसतात. म्हणून छोट्या आवृत्तीतही जिल्ह्याचे नाव ठेवणे आवश्यक ठरते. जिल्ह्याचे अहमदनगर हे नाव २०२४ मध्ये बदलून अहिल्यानगर झाले. जुन्या नावाने शोध घेणाऱ्यांसाठी विस्तृत आवृत्तीत दोन्ही नावे देता येतात; छोट्या आवृत्तीत नवे नाव पुरेसे असते.

तारखेबाबत ‘उद्या’, ‘येत्या रविवारी’ असे शब्द व्हॉट्सॲपवर विशेष घातक ठरतात. पुढे पाठवलेल्या संदेशात मूळ संदेश केव्हा लिहिला होता हे कळत नाही, त्यामुळे आठवड्यानंतर पोहोचलेला ‘उद्या’ चुकीच्या दिवशी लोकांना घराबाहेर काढतो. वार आणि पूर्ण तारीख दोन्ही दिल्यास चूक पकडताही येते, कारण दोन्ही जुळत नसल्यास वाचकाला लगेच शंका येते.

## पडताळणी आणि मर्यादा

आवृत्त्या तयार झाल्यावर सर्वांत छोटी आवृत्ती विषयाशी संबंध नसलेल्या व्यक्तीला दाखवली जाते आणि तिला तीन प्रश्न विचारले जातात: केव्हा जायचे, कोणत्या गावी जायचे आणि जाण्याआधी काय करायचे. यांपैकी एकाचेही उत्तर मिळाले नाही, तर मजकूर अपुरा समजला जातो.

प्रसिद्धीनंतर तपशील बदलल्यास सर्व आवृत्त्या सारख्या दुरुस्त होत नाहीत. लिंक्डइनवरील पोस्ट संपादित करता येते. परंतु व्हॉट्सॲपवरून पुढे गेलेल्या प्रती मूळ संदेश बदलल्यानंतरही जुन्याच राहतात. अशा वेळी मूळ संदेश गुपचूप बदलण्याऐवजी ‘बदल’ असे ठळकपणे लिहून जुनी व नवी तारीख एकत्र देणारा वेगळा संदेश पाठवला जातो. जुना संदेश हाती असलेल्या वाचकालाही त्यामुळे दोहोंपैकी कोणता खरा हे ठरवता येते.