सहा सेकंदांचा तुकडा : व्हिडिओ प्रसारणाची रचना कशी उभी राहते

पणजीहून चोर्ला घाटमार्गे बेळगावकडे निघालेला प्रवासी मोबाइलवर एखादे नाटक पाहत असतो. घाटात रेंज क्षीण होते, तसे चित्र पुसट होते; पण संवाद तुटत नाही. रेंज परतली की चित्रही पुन्हा स्वच्छ होते. दूरच्या सर्व्हरने प्रवाशाची अडचण ओळखली, असे आपल्याला वाटते. वस्तुतः सर्व्हरला त्याचा पत्ताही नसतो. निर्णय मोबाइलमधील प्लेअर घेतो, आणि तो घेता यावा म्हणून चित्रफीत आधीच लहान तुकड्यांत कापून ठेवलेली असते. ॲपलने 2009 साली आणलेली ‘एचएलएस’ पद्धत याच तत्त्वावर चालते.

जत्रेतील दोन तासांच्या नाटकाची चित्रफीत अपलोड झाली, असे समजू. मूळ फाइल मोठी असल्याने ती टप्प्याटप्प्याने घेतली जाते. त्यामुळे मध्येच नेट गेले तरी पहिल्यापासून आरंभ करावा लागत नाही. त्यानंतर तिच्या पाच प्रती तयार होतात : 240, 360, 480, 720 आणि 1080 ओळींच्या. प्रत्येक प्रतीचे सहा-सहा सेकंदांचे 1200 तुकडे पडतात, म्हणजे एकूण 6000. कोणता तुकडा कोठे आहे, याची यादी प्लेअरला आरंभीच मिळते.

खरी मेख कापण्यात आहे. व्हिडिओतील बहुतेक फ्रेम्समध्ये संपूर्ण चित्र नसते. शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदलले, एवढेच साठवलेले असते. संपूर्ण चित्र अधूनमधून येणाऱ्या ‘की-फ्रेम’मध्येच असते आणि नवा तुकडा तिच्यापासूनच सुरू करावा लागतो. एन्कोडरला मोकळे सोडले, तर दृश्य बदलेल तेथे तो आपल्या मर्जीने की-फ्रेम टाकतो, आणि पाचही प्रतींत ती एकाच जागी पडेल याची शाश्वती राहत नाही. मग प्रत बदलताना चित्र झटका देते किंवा एखादा अर्धा शब्द पुन्हा ऐकू येतो. प्लेअर एकाच प्रतीवर स्थिर ठेवल्यावर दोष नाहीसा झाला, तर कापण्याच्या जागा जुळलेल्या नाहीत, असे खुशाल समजावे. सेकंदाला 25 फ्रेम्स असतील, तर ‘एफएफएमपेग’मध्ये सर्व प्रतींसाठी पुढील सूचना द्यावी, दर दोन सेकंदांनी की-फ्रेम पडते :

```
-r 25 -g 50 -sc_threshold 0
```

यातील पहिला भाग वगळू नये. मोबाइलवरील चित्रीकरणात फ्रेम्सचा वेग बरेचदा कमीजास्त होतो, आणि मग 50 फ्रेम्स म्हणजे दोन सेकंद हे गणितच कोलमडते.

आता घाटातील प्रवाशाकडे परत येऊ. 720 ओळींची प्रत सेकंदाला 2.8 मेगाबिट घेते, असे धरले तर सहा सेकंदांचा तुकडा 16.8 मेगाबिटचा होतो. नेटचा वेग 4 मेगाबिट असताना तो 4.2 सेकंदांत उतरतो आणि साठा वाढत जातो. वेग 1.4 मेगाबिटवर आला की त्याच तुकड्याला 12 सेकंद लागतात. हाताशी 18 सेकंदांचा साठा असला, तरी प्लेअर हट्टाने त्याच प्रतीवर राहिल्यास तिसरा तुकडा निम्मा उतरेपर्यंत साठा संपतो आणि चित्र थिजते. पहिल्याच तुकड्याचा उशीर पाहून प्लेअर 0.8 मेगाबिटच्या 360 ओळींवर उतरला, तर पुढचा तुकडा साडेतीन सेकंदांच्या आत येतो. साठा पुन्हा भरू लागतो. वर चढताना मात्र चांगला प्लेअर सबुरीने घेतो, कारण सतत बदलणारे चित्र हे किंचित पुसट चित्रापेक्षा अधिक त्रासदायक असते.

तुकडे साध्या फाइली असल्यामुळे वितरण सोपे होते. प्रेक्षकांजवळच्या शहरांत साठवण सर्व्हर ठेवले जातात. पहिल्या प्रेक्षकाने मागितलेला तुकडा मूळ सर्व्हरवरून येतो, तेथे साठतो आणि पुढच्या प्रेक्षकांना तेथूनच मिळतो. नेटफ्लिक्स तर आपले सर्व्हर थेट इंटरनेट कंपन्यांच्या केंद्रांत ठेवते आणि वर्दळ कमी असताना ते भरून घेते.

येथे एक चूक वारंवार आढळते. सशुल्क नाटक फुकट पाहिले जाऊ नये म्हणून तुकड्याच्या पत्त्याला प्रत्येक प्रेक्षकाची वेगळी खूण जोडली जाते. साठवण सर्व्हर वेगळा पत्ता म्हणजे वेगळी फाइल मानतो. परिणामी हजार प्रेक्षकांसाठी तोच तुकडा हजार वेळा मूळ सर्व्हरवरून आणला जातो. मूळ सर्व्हरवरील भार प्रेक्षकसंख्येच्या प्रमाणात वाढताना दिसला, की प्रथम हेच तपासावे. खूण साठवण सर्व्हरनेच पडताळावी, आणि साठ्यात तुकडा शोधताना मात्र ती वगळावी.