मिलेनियल म्हणजे नक्की कोण?

आयटीत चार-पाच वर्षं काढलेल्या माणसाला ती स्लाइड बहुतेक पाठ असते. डावीकडे बूमर, मग जनरेशन एक्स, मग मिलेनियल आणि उजव्या टोकाला जनरेशन झेड. प्रत्येक नावाखाली जन्मवर्षं, आणि त्याखाली स्वभाव: हे निष्ठावान, ते संशयी, हे सारखी नोकरी बदलतात, ते फोन उचलत नाहीत. राशिभविष्य आणि ही स्लाइड यांत फरक एवढाच, की राशीच्या तारखा निदान सगळीकडे सारख्या असतात :)

तर प्रश्न असा, की ही वर्षं आली कुठून? १९८१ ला जन्मलेला मिलेनियल आणि १९८० चा नाही, हे ठरवलं कुणी?

ही सगळी नावं अमेरिकेतून आली आहेत, त्यामुळे गोष्टही तिथलीच सांगायला हवी. सुरुवात बूमरपासून करू, कारण या सगळ्या यादीत मोजणीवर उभं असलेलं नाव तेवढं एकच आहे. १९४५ साली अमेरिकेत साधारण २८.६ लाख मुलं जन्मली. युद्ध संपलं, सैनिक घरी आले आणि १९४६ साली आकडा ३४ लाखांवर गेला. तो चढत चढत १९५७ ला ४३ लाखांपर्यंत पोचला. १९६४ ला तो ४० लाखांच्या आसपास होता आणि १९६५ ला ३८ लाखांच्या खाली आला. आलेख काढला तर मधे एक ठसठशीत टेकडी दिसते. तिचा पायथा दोन्हीकडून कापला की १९४६ ते १९६४ मिळतात. म्हणजे निदान इथे रेघ मारायला काहीतरी दिसत तरी होतं.

मिलेनियलचं तसं नाही. हा शब्द विल्यम स्ट्रॉस आणि नील हाऊ या दोन लेखकांचा, त्यांच्या १९९१ च्या पुस्तकातला. त्यांनी सुरुवात १९८२ ला धरली. कारण? ती मुलं २००० साली शाळेतून बाहेर पडणार होती. बस्स, एवढंच. गोल आकड्याचं वर्ष. शेवट त्यांनी पुढे २००४ च्या आसपास नेला. प्यू रिसर्च सेंटर ही सर्वेक्षणं करणारी नावाजलेली संस्था. तिने २०१० च्या अहवालात मिलेनियल म्हणजे १९८० नंतर जन्मलेले एवढंच म्हटलं होतं, शेवट मोकळाच ठेवला होता. तो त्यांनी २०१८ मधे १९९६ वर बंद केला. मानसशास्त्रज्ञ जीन ट्वेंगी यांच्या हिशेबात मात्र १९९५ पासूनच पुढची पिढी सुरू होते. म्हणजे १९९५ चा मुलगा प्यूच्या मते मिलेनियल, ट्वेंगींच्या मते नाही. आणि २००३ ची मुलगी स्ट्रॉस-हाऊंच्या मते मिलेनियल, पण प्यूच्या मते जनरेशन झेड.

१९९६ च का, याची कारणं प्यूने दिली होती. एक म्हणजे, ११ सप्टेंबर २००१ ला या वर्षांतली बहुतेक मुलं ५ ते २० वयाची होती, म्हणजे त्यांना तो दिवस आठवत असणार. दुसरं म्हणजे, त्यांच्या व्याख्येत जनरेशन एक्स १९६५ ते १९८० अशी १६ वर्षांची होती, म्हणून ही पण १६ वर्षांची. पहिलं कारण निदान चर्चा करण्यासारखं आहे. दुसरं म्हणजे प्रोग्रॅममधे अ‍ॅरेची साइझ आधी ठरवायची आणि मग डेटा त्यात कोंबायचा, तसं झालं. सीमा हे काही काटेकोर शास्त्र नाही, हे प्यूने तेव्हाही मान्य केलं होतं. पण स्लाइडवर येईपर्यंत असलं वाक्य गळून पडतं.

बरं, सीमा थोड्या सैल असल्या तर बिघडलं काय? मधला गाभा तर एकसारखा आहे ना? तेही बघूया. प्यूच्या व्याख्येतले तीन मिलेनियल घ्या, तिघेही बाविसाव्या वर्षी कॉलेजातून बाहेर पडलेले. १९८१ चा २००३ साली बाहेर पडला, तेव्हा अमेरिकेत बेकारी ६ टक्क्यांच्या आसपास होती. १९८७ चा २००९ साली बाहेर पडला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बेकारी १० टक्क्यांवर पोचली. १९९६ चा २०१८ साली बाहेर पडला, तेव्हा ती ४ टक्क्यांच्या आसपास होती. पहिल्या नोकरीचा पगार, कर्ज, घर घेण्याचं वय या सगळ्यावर त्या एका वर्षाचा परिणाम होतो. तिघांची सरासरी काढून 'मिलेनियल घर घेत नाहीत' असं वाक्य केलं, तर ते नक्की कुणाबद्दल आहे?

याच्या उलट, खरी रेघ कशी असते हे बघायचं तर व्हिएतनाम युद्धाकडे जावं लागतं. १ डिसेंबर १९६९ ला अमेरिकेत सक्तीच्या सैन्यभरतीसाठी सोडत काढली गेली. एका मोठ्या काचेच्या भांड्यात वर्षातल्या ३६६ तारखांच्या कुप्या टाकल्या होत्या. पहिली निघाली १४ सप्टेंबर. म्हणजे १९४४ ते १९५० या काळात १४ सप्टेंबरला जन्मलेल्या मुलांचा नंबर पहिला. पुढे १९५१ च्या मुलांसाठी, मग १९५२ च्या मुलांसाठी अशा सोडती झाल्या आणि दरवेळी ठरावीक नंबरापर्यंतची मुलं बोलावली गेली. २ फेब्रुवारी १९७२ ला १९५३ च्या मुलांची सोडत झाली. त्यांनाही नंबर मिळाले. पण युद्ध ओसरत होतं आणि त्यांच्यातल्या एकालाही बोलावलं गेलं नाही. १९७३ मधे सक्तीची भरतीच संपली.

म्हणजे डिसेंबर १९५२ आणि जानेवारी १९५३ यांच्यामधे एक खरीखुरी, कायद्याने मारलेली रेघ आहे. आणि ती कुठे येते? बरोबर बूमरच्या पोटात. शिवाय ती फक्त मुलांना लागू आहे, मुलींना नाही. १९६४ चा बूमर तर भरती संपली तेव्हा नऊ वर्षांचा होता. स्लाइडवर मात्र तो आणि १९४६ चा, दोघेही 'व्हिएतनामने घडवलेली पिढी'.

अशी रेघ सापडली की तिच्यातून काही शिकताही येतं. जोशुआ अँग्रिस्ट या अर्थशास्त्रज्ञाने १९९० साली नेमकं हेच केलं. सोडत नशिबाची, त्यामुळे लहान नंबरवाले आणि मोठ्या नंबरवाले यांच्यात आधीपासून काही फरक असायचं कारण नाही. नंतर त्यांच्या कमाईत फरक दिसला तर तो सैन्यात जाण्यामुळेच. त्याला असं आढळलं, की सैन्यात गेलेले गोरे पुरुष १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तशाच न गेलेल्यांपेक्षा साधारण १५ टक्के कमी कमावत होते. इथे जन्मवर्ष आणि जन्मतारीख यांना अर्थ आहे, कारण त्यांच्यामुळे नेमकं काय बदललं हे माहीत आहे.

आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय: मिलेनियल सारखी नोकरी बदलतात. ऑफिसात बघितलं तर खरंच वाटतं. पंचविशीतली पोरं दीड वर्षात पेपर टाकतात, पन्नाशीतले मॅनेजर हलत नाहीत. पण एका दिवशी एका ऑफिसात बघितलं की वय आणि पिढी यांची गाठ सुटतच नाही. जो लहान तो मिलेनियल, जो मोठा तो एक्स. मग फरक वयाचा की पिढीचा? उत्तर हवं असेल तर तेच वय वेगळ्या काळात बघायला हवं.

प्यूनेच २०१७ साली ते करून दाखवलं. जानेवारी २०१६ मधे अमेरिकेतल्या १८ ते ३५ वयाच्या नोकरदार मिलेनियलपैकी ६३.४ टक्के लोक त्याच मालकाकडे निदान १३ महिने होते. मग त्यांनी जुना सरकारी डेटा काढला. फेब्रुवारी २००० मधे त्याच वयाच्या जनरेशन एक्सपैकी किती? ५९.९ टक्के. म्हणजे आज जे मॅनेजर 'ही पोरं टिकत नाहीत' म्हणतात, ते स्वतः त्या वयात किंचित कमीच टिकत होते!

लगेच 'मिलेनियल जास्त निष्ठावान' असंही म्हणू नका हं. २००० च्या सुरुवातीला डॉट-कॉमची धमाल होती, उडी मारायला नोकऱ्या होत्या. २०१६ चे तरुण मोठ्या मंदीतून वर आलेले, हातातलं सोडायला घाबरणारे. म्हणजे तिसरा घटक आला: काळ. आणि इथे गणितातली खरी अडचण आहे.

```
सर्वेक्षणाचं वर्ष = जन्मवर्ष + वय
```

तीन घटक, पण त्यातले दोन माहीत असले की तिसरा आपोआप ठरतो. वय तेच ठेवून पिढी बदलली की काळ बदलतोच. काळ तोच ठेवून पिढी बदलली की वय बदलतंच. फक्त पिढी बदलायची आणि बाकी दोन जागेवर ठेवायचे, हे शक्यच नाही. डेटा कितीही गोळा करा, या तिघांचे सरळ रेषेत वाढणारे परिणाम निव्वळ आकड्यांवरून वेगळे काढता येत नाहीत. बाहेरून काहीतरी जास्तीची माहिती लागते, जशी अँग्रिस्टला सोडतीने दिली.

२०२१ मधे फिलिप कोहेन या समाजशास्त्रज्ञाने प्यूला एक खुलं पत्र लिहिलं: ही नावं वापरणं थांबवा. त्यावर दीडशेहून जास्त अभ्यासकांच्या सह्या होत्या. आणि २०२३ मधे प्यूने खरंच धोरण बदललं. आता वेगवेगळ्या पिढ्यांची सारख्याच वयातली तुलना करता येईल असा जुना डेटा असेल तरच पिढ्यांची भाषा वापरायची, आणि तेव्हाही ठरलेल्या नावांना आणि सोळा वर्षांच्या चौकटीला चिकटून राहायचं नाही. ज्यांच्या वर्षांवर जगभरच्या स्लाइड उभ्या आहेत, त्यांनीच पाय मागे घेतला.

आपल्याकडे तर ती वर्षं अजूनच परकी. १९४६ ची ती टेकडी भारतात नाहीच. इथे जन्मदर आधीपासून जास्त होता आणि स्वातंत्र्यानंतर घटत गेला तो मृत्युदर. १९५१ च्या ३६ कोटींचे १९६१ ला ४४ कोटी झाले ते मुख्यतः त्यामुळे. तरी पुण्यातल्या ऑफिसात बूमर १९४६ लाच सुरू होतो, कारण स्लाइड तिकडून आली.

आपल्याला रेघ हवीच असेल तर आपल्या मातीतल्या सापडतात. १९८९ मधे घटनादुरुस्तीने मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं. त्यामुळे १९७० साली जन्मलेल्या मुलामुलींना त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत मत देता आलं. जुन्या नियमाने त्यांना २१ पूर्ण होईपर्यंत थांबावं लागलं असतं. ही रेघ छोटी आहे, तिला झकास नाव नाही, आणि ती फक्त पहिल्या मताबद्दल बोलते, स्वभावाबद्दल नाही. पण ती कुणी मारली, कधी मारली आणि तिच्या दोन्ही बाजूंना नक्की काय वेगळं झालं, हे सगळं सांगता येतं. १९८१ च्या रेघेबद्दल यातलं फक्त पहिलं सांगता येतं.