आचारी, आचार्य आणि एक हरवलेला र

गावाकडच्या लग्नसराईवर लिहिलेला माझा लेख एका संकेतस्थळावर आला, तेव्हा तो मी आजोबांना मोबाईलवर मोठ्या अक्षरांत करून दाखवला. आजोबा छापखान्यात जुळारी होते. जुळारी म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळ जुळवणारा माणूस. तिसऱ्याच परिच्छेदाला ते थांबले आणि हसायला लागले. "आचार्य कधीपासून पहाटे चारला उठून चुली पेटवायला लागले रे?"

मी लिहिलं होतं, ‘आचाऱ्यांनी चुली पेटवल्या’. छापून आलं होतं, ‘आचार्यांनी चुली पेटवल्या’. मूळ फाईल उघडून पाहिली तर तिथे आचारीच होते. म्हणजे चूक माझी नव्हती आणि संपादकांनीही कुठे हात लावला नव्हता. मधल्या वाटेत कुठेतरी स्वयंपाक्याचा गुरुजी झाला होता. तो नेमका कुठे झाला हे शोधायला गेलो आणि जोडाक्षरातल्या र च्या इतिहासात पोचलो.

र हा जोडाक्षरात फार रूपं बदलतो. दुसऱ्या अक्षरानंतर आला तर त्याच्या पोटात किंवा पायाशी जातो, तो रकार: प्र, ट्र. आधी आला तर डोक्यावर चढतो, तो रफार: सूर्य, धर्म. आणि मराठीत आणखी एक रूप आहे. अक्षराच्या डाव्या बाजूला आडवी झोपलेली छोटी कोर: तऱ्हा, दऱ्या. इंग्रजी दस्तऐवजांत तिला पापणीचं नाव दिलंय. हे तिसरं रूप संस्कृतात नाही, हिंदीतही नाही. मराठीत, कोकणीत आणि नेपाळीत आहे.

र आणि ह ही दोनच अक्षरं घेतली तरी तिन्ही रूपं समोर येतात. ‘ह्रास’मध्ये रकार, ‘अर्हता’मध्ये रफार, ‘वऱ्हाड’मध्ये ही कोर. गंमत म्हणजे संस्कृतातला ह्रस्व मराठीच्या तोंडी उलटा झाला आणि आपण ‘ऱ्हस्व’ लिहू लागलो. उच्चार फिरला तसं लेखन फिरलं.

कोर ही नुसती सजावट नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र. तो म्हणताना ‘द’वर आघात येतो, ते अक्षर जड होतं. ‘दऱ्या’ म्हणजे दरीचं अनेकवचन. तिथे ‘द’ हलकाच राहतो आणि र पुढच्या य ला चिकटून जातो. वृत्तात मोजायचं झालं तर पहिला ‘द’ गुरू आणि दुसरा लघू. कोर वापरायची की रफार, हे ओळखायला आजोबांची युक्ती सोपी होती. मूळ शब्दाच्या शेवटी रा, री किंवा रे ऐकू येतो का ते बघायचं. दुसरा-दुसऱ्या, नवरी-नवऱ्या, आचारी-आचाऱ्याला. ऐकू आला तर कोर. आचार्य, कार्य, पर्याय यांत मुळातच र्य आहे, तिथे रफार. ही युक्ती य पुरतीच. ह च्या आधी मात्र कान लावावा लागतो, कारण कुऱ्हाड आणि गुऱ्हाळ कुठल्या ‘री’पासून आलेले नाहीत.

आजोबांच्या मते खिळ्यांच्या काळात कोर उलट सोयीची होती. रफार डोक्यावर बसतो, आणि तिथे आधीच वेलांटी, मात्रा, अनुस्वार यांची गर्दी असते. मग अनुस्वारासकट रफार, वेलांटीसकट रफार असे वेगळे खिळे लागतात. कोरीचा खिळा डावीकडे ठेवला की काम झालं. (त्यांच्या हाताला त्या खिळ्याचं घर अजून आठवतं. बोलताना हात हवेत बरोबर एकाच जागी जातो.)

घोळ झाला तो अक्षरांना आकडे मिळाल्यावर. संगणकाला आकार साठवायचा नसतो, अक्षरांचा क्रम साठवायचा असतो. र, मग हलन्त, मग य असा क्रम दिला की नियमाने रफार येतो. मग कोर कशी मागायची? 1991 च्या इस्की या भारतीय मानकाने एक उत्तर शोधलं. द्रविड भाषांतल्या कठोर र साठी देवनागरीत ऱ हे खाली नुक्ता असलेलं अक्षर ठेवलं होतं. त्याचं अर्धं रूप म्हणजेच आपली कोर, असं ठरलं. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर र ला `j` आणि ऱ ला `Shift+J`. म्हणजे समुद्र आणि दरी यांच्यात फक्त एका शिफ्टचं अंतर.

युनिकोडच्या 1996 मधल्या 2.0 आवृत्तीत मात्र वेगळी वाट होती. साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडक, ज्याला स्वतःची रुंदीच नाही. पुढे युनिकोडने इस्कीची पद्धत मुख्य धरली, पण जुनं लेखन मोडू नये म्हणून दुसरीही चालू ठेवली. नेपाळीत तीच रुळली आहे. त्यामुळे आज पडद्यावर सारखीच दिसणारी कोर आत दोन तऱ्हांनी साठवलेली असते:

```
दर्या (समुद्र)       U+0930 U+094D U+092F
दऱ्या (पहिली तऱ्हा)   U+0931 U+094D U+092F
दऱ्या (दुसरी तऱ्हा)   U+0930 U+094D U+200D U+092F
```

पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत फक्त `U+200D` चा फरक आहे, तोच तो अदृश्य जोडक. मजकूर ‘स्वच्छ’ करणाऱ्या एखाद्या प्रणालीने न दिसणारी चिन्हं काढून टाकली, की तिसरी ओळ मुकाट्याने पहिली होते. माझ्या आचाऱ्यांचं हेच झालं. माझ्या जुन्या लॅपटॉपचा कीबोर्ड जोडकवाली कोर देत होता, आणि लेख चढवताना जोडक गळून पडला. ‘दुसर्या’, ‘बर्याच’ असं लेखन आपण रोज वाचतो, त्यातलं काही घाईने टाईप केलेलं असेल, पण काही असं वाटेत मोडलेलं असणार.

आपली कोर कुठल्या जातीची, हे मोबाईलवर कळतं. ‘दऱ्या’ टाईप करा आणि शेवटून एकेक चिन्ह खोडत या. बहुतेक कीबोर्डांवर काना जातो, य जातो, हलन्त जातो आणि शेवटी र उरतो. त्याच्याखाली टिंब दिसलं तर ती पहिली तऱ्हा, जोडक गळण्याची भीती नाही. साधा र उरला तर दुसरी. हे टिंब अनेकांना बुचकळ्यात टाकतं. टाईप करताना मध्येच टिंबवाला र दिसला की चुकलं असं वाटून ते खोडतात आणि साधा र घालतात. तिथेही रफारच पदरात पडतो. शिवाय ज्या फॉन्टात या कोरीची सोयच नाही, त्यात टिंब आणि हलन्त दोन्ही उघडे पडतात. तिथे दोष फॉन्टचा असतो, लिहिणाऱ्याचा नाही.

दोन तऱ्हांचा आणखी एक त्रास आहे. काही ठिकाणी एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडतच नाही. माझ्याच जुन्या फाईलींत मी ‘वऱ्हाड’ शोधलं तेव्हा अर्धी पानं आली. उरलेली हाताने उघडावी लागली.

मग मी सगळ्या फाईलींत जोडकवाली कोर बदलून टिंबवाल्या र ची केली आणि लेख पुन्हा पाठवला. तो दुरुस्त होऊन आल्यावर आजोबांना परत दाखवला. त्यांनी आचारी जागेवर आहेत याची खात्री केली, मग बोटाने पान वर सरकवत म्हणाले, "आणि इथे हृदयाचं ह्रदय केलंयस, तो कुठला जोडक?"

तो माझाच होता.