डीटीसीतला खाते क्रमांक

१९ मे २००६ हा शुक्रवार होता. त्या दिवशी बर्नार्ड मॅडॉफने अमेरिकी रोखे आयोगाच्या अधिकाऱ्यांपुढे जबानी दिली आणि तीत ‘डिपॉझिटरी ट्रस्ट कंपनी’तला, म्हणजे डीटीसीतला, आपला खाते क्रमांक सांगितला. आपल्याकडे एनएसडीएल जे काम करते ते अमेरिकेत डीटीसी करते. शेअर खरोखर कोणाच्या खात्यात आहेत याची नोंद तिथे असते. सांगितलेले शेअर त्या खात्यात नाहीतच हे उघड होऊन आता सोमवारी सकाळी सगळे संपणार असे मॅडॉफने धरून ठेवले होते. हे त्याने पुढे तुरुंगात आयोगाच्या महानिरीक्षकाला सांगितले, आणि ते ३१ ऑगस्ट २००९ च्या ५०९ क्रमांकाच्या चौकशी अहवालात नोंदले आहे. प्रत्यक्षात त्या क्रमांकावरून शेअर खरेच आहेत का, हे कोणी पडताळले नाही. मॅडॉफला अटक झाली ती थेट ११ डिसेंबर २००८ ला.

या प्रकरणावर लिहिणारे बहुतेक आयोगाच्या गाफीलपणाशी थांबतात. पण महानिरीक्षकाचा अहवाल, न्यायालयातले कबुलीजबाब आणि आयोगाने नंतर काढलेली नियमपत्रे शेजारी शेजारी ठेवली, तर आणखी एक गोष्ट दिसते. मॅडॉफकडे पैसे सोपवणाऱ्या एखाद्या फंडाच्या लेखापरीक्षकाला काय दिसू शकत होते, आणि काय दिसणे शक्यच नव्हते?

त्या फंडाचा ताळेबंद डोळ्यांपुढे आणा. मालमत्तेच्या बाजूला जवळपास एकच ओळ, मॅडॉफच्या पेढीकडे असलेले रोखे. कोणता शेअर घ्यायचा हे पेढी ठरवी, सौदा पेढी करी, शेअर पेढीच सांभाळी, आणि महिनाअखेरचे विवरणपत्रही तीच छापी. तेव्हा लागू असलेले अमेरिकी मानक एसएएस ७० हे १९९२ चे. त्यात एक भेद केलेला आहे. ग्राहकाने सांगितलेला सौदा दलालाने नुसता पार पाडला आणि हिशेबाची जबाबदारी ग्राहकाकडेच राहिली, तर दलालाच्या घरातली नियंत्रणे तपासण्याचा प्रश्न येत नाही. पण निर्णयही बाहेरच होत असेल, तर ग्राहकाकडे ताडून पाहायला स्वतःचे असे काही उरत नाही. मग लेखापरीक्षकाला सेवा देणाऱ्या संस्थेच्या नियंत्रणांपर्यंत पोहोचावे लागते. तो तिथे स्वतः जाऊन तपासू शकतो, किंवा तिच्या लेखापरीक्षकाने दिलेला अहवाल वापरू शकतो.

हा अहवाल दोन प्रकारचा. टाइप १ मध्ये एका तारखेला नियंत्रणे कशी आखली होती आणि ती अमलात होती का, एवढेच असते. टाइप २ मध्ये ठरावीक काळात ती चालली का, कोणती चाचणी घेतली, किती नमुने पाहिले आणि कुठे चूक सापडली हेही लिहिलेले असते. नियंत्रणांवर भिस्त ठेवायची तर टाइप २ च लागतो.

पगाराचे काम बाहेर दिलेले असते तेव्हा हाच अहवाल लेखापरीक्षक बराच निवांतपणे वाचतो. पगाराच्या खुणा कंपनीच्या आवारातही पडलेल्या असतात. बँकेतून गेलेली रक्कम, भविष्यनिर्वाह निधीचे चलन, हजेरी आणि मुख्य म्हणजे माणसे. पगार हजार रुपयांनी कमी आला तर संध्याकाळच्या आत कोणीतरी विचारायला येते. मात्र सोडून गेलेल्या माणसाचे नाव पगारपत्रकातून काढा, हे कंपनीने कळवायचे असते. ते कळवलेच नाही, तर पगार काढणारी संस्था प्रामाणिकपणे भुताला पगार देत राहील आणि तिचा अहवाल निर्मळच राहील. अहवालाच्या शेवटी ‘ग्राहकाने करावयाची नियंत्रणे’ अशी यादी असते ती यासाठी. ती नियंत्रणे कंपनीत खरोखर आहेत का, हे कंपनीच्या लेखापरीक्षकाने स्वतः तपासायचे असते.

नसलेला शेअर मात्र तक्रार घेऊन येत नाही. कागद खोटा असेल तर तो कसा बनवता येतो, हे फ्रँक डिपास्कालीच्या तोंडून कळते. मॅडॉफच्या या कारभाराचा तो प्रमुख हस्तक. ११ ऑगस्ट २००९ ला त्याने गुन्हा कबूल केला. डीटीसीच्या अहवालांसारखे दिसणारे बनावट अहवाल तयार केले जात, हे खटल्याच्या कागदांत आहे. पुढे साक्ष देताना त्याने सांगितले की एका लेखापरीक्षकाला दाखवायच्या जुन्या खातेवह्या आयत्या वेळी छापल्या, त्या प्रिंटरमधून गरम निघाल्या म्हणून फ्रिजमध्ये ठेवल्या आणि हाताळलेल्या दिसाव्यात म्हणून एकमेकांकडे फेकल्या. समोरचा माणूस कागद मागत होता. कागद त्याला मिळाला. पेढीचा स्वतःचा लेखापरीक्षक, न्यूयॉर्कजवळच्या गावात छोटी कचेरी चालवणारा डेव्हिड फ्रीलिंग, यानेही ३ नोव्हेंबर २००९ ला गुन्हा कबूल केला.

युरोपातल्या काही फंडांत आणखी एक पदर होता. तिथे कस्टोडियन म्हणून नाव मोठ्या बँकेचे, पण बँकेने रोखे सांभाळायचे काम पुढे मॅडॉफकडेच सोपवलेले. अशा रचनेत बँकेचा टाइप २ अहवाल हाती आला, तरी आधी एक वाक्य शोधावे लागते. पुढे काम दिलेल्या संस्थेची नियंत्रणे अहवालात धरली आहेत की वगळली आहेत? वगळण्याची पद्धत पूर्णपणे मान्य आहे आणि सर्रास वापरली जाते. ती वापरलेली असेल तर पानोपानी बँकेच्या कारभाराची चोख तपासणी असू शकते आणि शेअर जिथे आहेत म्हणतात त्या खोलीविषयी एक शब्दही नसतो.

आयोगाने ३० डिसेंबर २००९ ला काढलेले २९६८ क्रमांकाचे नियमपत्र याच जागी बोट ठेवते. तो नियम १२ मार्च २०१० ला लागू झाला. मॅडॉफने गुन्हा कबूल केल्याला त्या दिवशी बरोबर वर्ष झाले होते. गुंतवणूक सल्लागार स्वतः किंवा त्याची संबंधित संस्था ग्राहकांचे रोखे सांभाळत असेल, तर अंतर्गत नियंत्रणांवरचा अहवाल सक्तीचा झाला. सोबतच्या २९६९ क्रमांकाच्या पत्रात टाइप २ अहवाल त्यासाठी चालेल असे सांगितले. नियमात याहून महत्त्वाची एक ओळ मला वाटते ती अशी, की अहवाल देणाऱ्या लेखापरीक्षकाने रोखे आणि पैसे यांचा ताळमेळ सल्लागाराशी संबंध नसलेल्या कस्टोडियनशी, उदाहरणार्थ डीटीसीशी, बसतो का हे पडताळले पाहिजे. म्हणजे ताळमेळ घालण्याची पद्धत आहे, एवढ्यावर भागत नाही. २००६ च्या त्या सोमवारी जे व्हायला हवे होते ते आता दरवर्षी करायचे ठरले. शिवाय हा लेखापरीक्षक पीसीएओबी या लेखापरीक्षकांच्या नियामक मंडळाकडे नोंदलेला आणि त्याच्या तपासणीखाली असलेला हवा. फ्रीलिंगच्या कचेरीसारख्यांची वाट त्यामुळे बंद झाली.

तरी फंडाच्या लेखापरीक्षकाचे काम त्या अहवालाने संपत नाही. समजा फंडाचे वर्ष ३१ डिसेंबरला संपते आणि अहवाल ऑक्टोबर ते सप्टेंबर असा आहे. उरलेल्या तीन महिन्यांसाठी ‘काही बदललेले नाही’ असे पत्र येते, पण त्यावर सही कस्टोडियनच्याच व्यवस्थापनाची असते. कोणी ते तपासलेले नसते. समजा, ताळमेळाचे पंचवीस दिवस नमुन्याला घेतले आणि दोन दिवशी फरक आठवडाभर तसाच राहिलेला सापडला. अहवालाचा निष्कर्ष तरीही बिनशर्त असू शकतो, कारण तो साऱ्या ग्राहकांसाठी दिलेला असतो. ते दोन फरक आपल्या फंडाच्या रोख्यांचे होते का, आणि ते कशाने मिटले, हे लेखापरीक्षकाला विचारून घ्यावे लागते. आणि ३१ डिसेंबरचा आकडा मोठा असेल, तर अहवाल कितीही चांगला असो, शिल्लकेचे उत्तर लेखापरीक्षक कस्टोडियनकडून थेट आपल्या पत्त्यावर मागवतो, आणि कस्टोडियन सल्लागाराच्याच घरातला असेल तर त्याच्याही पलीकडे जाऊन डिपॉझिटरीतली नोंद पाहायला मागतो.